सहा पूर्ण, अकरा महिने

मुलांच्या दवाखान्यात ती नोंदणीच्या टेबलावर बसायची, म्हणून सगळे तिला नोंदबाई म्हणायचे. डॉक्टर आले, गेले, बदलले. नोंदबाई मात्र खुर्चीला खिळे ठोकल्यासारखी तिथेच. हा दवाखाना म्हणजे सर्दी-खोकल्याचा नव्हे. इथे येणारी पोरं वर्षानुवर्षं येत राहायची, आणि औषधाचं माप त्यांच्या वयावर आणि वजनावर ठरायचं. वजन काट्यावर कळतं. वयासाठी मात्र आयांशी रोजचं भांडण.

"किती वर्षांचा?"

"पाच."

"पाच पूर्ण, की पाचवं लागलंय?"

"लागलंय की. म्हणजे पाचच ना?"

"पाच कसले, बाई! चार पूर्ण. जन्मतारीख सांगा आधी."

आपलं पोर मोठं झालंय हे सांगायची लोकांना कोण घाई! नोंदबाई कुणाचं ऐकून घ्यायची नाही. तिने कॉम्प्युटरवर एक तक्ता बनवला होता. एका ओळीत एक मूल. एका खान्यात जन्मतारीख, आणि तिच्या शेजारच्या खान्यात वय आपोआप उमटायचं: इतकी वर्षं, इतके महिने. नुसतं वर्षातून वर्ष वजा केलं तर डिसेंबरात जन्मलेलं पोर जानेवारीतच एक वर्षाचं होऊन बसतं, म्हणून तो धंदा तिने केला नव्हता. दिवसांना तीनशे पासष्टने भागणंही नाही. लीप वर्ष मधे आलं की तेही दगा देतं. तिचा फॉर्म्युला जन्मतारखेपासून आजच्या तारखेपर्यंत आधी पूर्ण झालेली वर्षं मोजायचा आणि मग वरचे पूर्ण झालेले महिने. चौदा तारखेला जन्मलेल्या पोराचा महिना चौदालाच भरायचा. तेराला कितीही डोळे वटारून बघा, आकडा हलायचा नाही. आणि "आजची तारीख" ही कॉम्प्युटर स्वतःच घ्यायचा. सकाळी तक्ता उघडला की रात्रीत वाढलेली पोरं वाढलेली दिसायची.

त्या तक्त्यात एक ओळ तिच्या स्वतःच्या मुलीची होती. चिमीची.

चिमी याच दवाखान्यात यायची, आईच्या टेबलाखाली बसून चित्रं रंगवायची, आणि आई आयांशी भांडायला लागली की खालून ओरडायची, "पूर्ण, की लागलंय?" सगळी बाकं हसायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली. सातव्या वाढदिवसाला चार दिवस राहिले होते.

गेलेल्या मुलांच्या ओळीपुढे नोंदबाई शेऱ्यात "बंद" असा एक शब्द लिहायची. बस, एवढंच. कधी गेलं, ती तारीख कागदाच्या फायलीत असायची. तक्त्यात त्यासाठी खाना तिने केलाच नव्हता. आधी राहून गेला म्हणा. चिमी गेल्यावर मात्र तो नुसता राहून गेला नव्हता, तिने तो मुद्दाम होऊ दिला नव्हता. कारण चिमी गेल्याच्या पाचव्या दिवशी ती कामावर आली, तक्ता उघडला, आणि चिमीच्या ओळीत लिहिलेलं होतं: सात वर्षं, शून्य महिने.

चिमीचे बाबा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन. शिंप्याला पोरांची मापं वयावरून पाठ असतात. आठ वर्षांची छाती किती, नवाची उंची किती, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. त्या दिवशी घरी येऊन नोंदबाई एवढंच म्हणाली, "अहो, आज तिला सात पूर्ण झाले." शिंप्याने मशीनवरून पाय काढला, बायकोकडे बघितलं, आणि तिला वेड लागलं असं म्हणायच्या ऐवजी तोच त्या वेडात सामील झाला. तेव्हापासून ती संध्याकाळी दारात चप्पल काढते न काढते तोच तो विचारायचा, "आज किती?" ती सांगायची, "आठ पूर्ण, दोन महिने." "नऊ पूर्ण, पाच महिने." दर वाढदिवसाला तो त्या मापाचा फ्रॉक शिवायचा आणि ट्रंकेत ठेवायचा. शेजारीपाजारी कुजबुजायचे. कुजबुजू देत! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

त्या महिन्यात दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली. तरुण, चटपटीत, मनाने चांगली. दहा पूर्ण झाले की मुलाची सगळी तपासणी नव्याने व्हायची आणि औषध बदलायचं. आया विसरायच्या, म्हणून तिने ठरवलं की ज्या दिवशी मूल दहाचं होईल त्याच दिवशी घरच्यांच्या फोनवर निरोप जावा. नोंदबाईला विचारलं, "वयाचा खाना पक्का आहे ना?"

"एका दिवसाचाही फरक निघायचा नाही," नोंदबाई म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं. निरोप पाठवणारी व्यवस्था वयाचा खाना वाचायची. शेऱ्याचा खाना वाच म्हणून तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात एक बाई आली. लॉन्ड्रीत इस्त्री करणारी. बोटांवर भाजल्याचे जुने डाग. पोर बरोबर नव्हतं. रांग सोडून ती सरळ टेबलाशी आली आणि फोन पुढे धरला.

निरोपात लिहिलं होतं, अभिनंदन, तुमच्या मुलाला आज दहा वर्षं पूर्ण झाली, त्याला तपासणीला घेऊन या.

"घेऊन या म्हणता," इस्त्रीवाली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "कुठून घेऊन येऊ, तेवढं सांगा."

नोंदबाईने ओळ शोधली. दहा वर्षं, शून्य महिने. शेरा: बंद. आता तिला त्याचा चेहराही आठवला. रक्त काढताना न रडणारा, पण सुईवाली गेल्यावर रडणारा.

"चूक झाली हो. माझी चूक झाली."

"आठ वर्षं दोन महिन्यांचा होता तो," इस्त्रीवाली म्हणाली. "तुम्हीच मोजून सांगितलं होतं. त्याच्या धाकट्या बहिणीने सकाळी निरोप वाचला, आणि मला विचारते, आई, दादा येणार आहे का? काय सांगू मी तिला?" मग ती टेबलाला धरून खाली वाकली आणि म्हणाली, "बाई, माझ्या पोराला वाढवू नका. तो होता तेवढाच मी सांभाळून ठेवलाय. तुम्ही त्याला असा मोठा केलात, तर मला तो ओळखू यायचा नाही."

नोंदबाईने तिचा हात धरला. डॉक्टरीण धावत आली, तिने इस्त्रीवालीला आत नेलं, पाणी दिलं, माफी मागितली. बाई निघून गेल्यावर ती नोंदबाईपाशी आली. रागावली नाही. रागावली असती तर परवडलं असतं.

"एक तारखेचा खाना वाढवावा लागेल," ती हळूच म्हणाली. "आणि ज्यांचा तो भरलाय, त्यांना निरोप नको." तिची नजर तक्त्यावरून खाली सरकली आणि नोंदबाईच्याच आडनावाच्या एका ओळीवर थांबली. नऊ वर्षं, अकरा महिने. "हा निरोप... चार दिवसांनी तुमच्याच घरी गेला असता. ही ओळ मी भरू का?"

"नको. मी भरते."

काम म्हणाल तर अगदी किरकोळ. एक नवा खाना, शेवटच्या तारखेचा. फॉर्म्युल्यात एवढाच बदल: हा खाना रिकामा असेल तर आजच्या तारखेपर्यंत मोज, भरलेला असेल तर त्या तारखेपर्यंत मोजून थांब. जिवंत पोरांच्या ओळी होत्या तशाच राहिल्या. मग तिने कपाटातून बंद फायली काढल्या आणि एकेक तारीख टाकायला लागली. तारीख टाकली की वय मागे यायचं. अकरा वर्षांची पोरगी पुन्हा चारची झाली. इस्त्रीवालीचा मुलगा आठ वर्षं दोन महिन्यांवर येऊन थांबला. आईचा हिशेब बरोबर होता. आईचा चुकतो कधी?

सगळ्यात शेवटी चिमी. या तारखेसाठी फाईल लागत नव्हती. तिने बोटं उचलली आणि खरी तारीख टाकायच्या ऐवजी चार दिवसांनंतरची टाकली. ओळीत उमटलं: सात वर्षं, शून्य महिने. कुणाला कळणार होतं? कुणाचं काय जाणार होतं? सात म्हणजे कसं भरल्यासारखं वाटतं. ती त्या आकड्याकडे बघत बसली, आणि टेबलाखालून कुणीतरी ओरडल्यासारखं झालं, पूर्ण, की लागलंय?

"लागलं होतं गं," ती मोठ्याने म्हणाली आणि ढसाढसा रडली. बाकावरच्या आया बघत राहिल्या. एकीने आपलं पोर उगाचच मांडीवर ओढून घेतलं. मग नोंदबाईने तारीख पुसली आणि खरी तारीख टाकली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा शिंप्याने दहाच्या मापाचं कापड टेबलावर पसरलं होतं. फिकट पिवळं, बारीक ठिपक्यांचं. तोंडात टाचण्या धरून तो खडूच्या रेघा मारत होता. त्याने मान वर न करताच विचारलं, "आज किती?"

ती दारातच उभी राहिली. "सहा पूर्ण, अकरा महिने."

त्याने एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. इस्त्रीवालीचं सगळं तिने सांगितलं, काही लपवलं नाही. तो ऐकत होता आणि खडू बोटांत फिरवत होता.

"सात नाही दाखवत?"

"चार दिवस कमी पडतात."

"चार दिवसांनी काय बिघडतं गं?" त्याचा आवाज फाटला. "एवढं तरी द्यायचं होतंस तिला!"

"मी देऊन बघितलं, अहो. तुमची शपथ. पण ती आपली चिमी वाटेना."

त्याने खडू टेबलावर ठेवला. मग उठला, ट्रंक उघडली, आणि आठचा आणि नऊचा फ्रॉक बाहेर काढून पिशवीत घातला. "दवाखान्यात ने. कुणाला तरी बसतील. बघून दे, मापाने."

"आणि सातचा?"

सातचा फ्रॉक चिमीच्या डोळ्यांदेखतच शिवलेला होता. तिने तो घालून बघितला होता, स्वतःभोवती गिरक्या घेतल्या होत्या, आणि घेर लांब होतो म्हणून बाबांनी खाली कच्चा टाका घालून ठेवला होता. पक्की शिवण वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मारायची होती. शिंप्याने तो टाका बोटाने चाचपला.

"हा तिचा आहे," तो म्हणाला आणि ट्रंक बंद केली. पिवळ्या कापडाची त्याने घडी घातली. खडूच्या रेघा आतल्या बाजूला राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने दारात चप्पल काढली. मशीन थांबलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग विचारलं, "चहा टाकू का?"