सरकत नाही, म्हणून पडत नाही?

पांढुर्ण्याजवळच्या घाटात रस्ता रुंद करायला डोंगर कापला, तेव्हा मी ठेकेदाराकडे भूवैज्ञानिक होते. कापलेल्या कड्याला काळ्या दगडाचे उभे खांब होते, दोन मजली घराएवढे. जेवणाच्या सुट्टीत तिगावकडच्या मजूर बायका त्यांच्याच सावलीत बसत. त्यांतले चार खांब रस्त्याकडे झुकलेले होते, म्हणून मला त्या सावलीत बसणं बंद करायचं होतं. साइट इंजिनिअर ऐकायला तयार नव्हता.

"मॅडम, खालच्या थराचा उतार पहा, किती कमी आहे. ह्याच्यावरून काय सरकणार? अन् सरकलंच तर भिंत आहे ना."

कड्याच्या पायथ्याशी बांधलेली ती भिंत कमरेएवढी होती. फट जरा हलली तरी तडकाव्यात म्हणून खांबांच्या बुडाशी फटीवर चिकटवलेल्या काचपट्ट्याही शाबूत होत्या. तो चूक बोलत नव्हता, आणि याचाच मला संताप यायचा. एवढ्या उतारावर दगड सरकत नाही, हे खरंच. पण उंच, सडपातळ दगडाला सरकायची गरज नसते. तो बूड जागेवर ठेवून डोकं पुढे काढतो.

मी वर चढले. खांबामागच्या फटीत वरून माझा पंजा आडवा जात होता. टेप सोडला तर खाली ती निमुळती होत मिटलेली. खांब घसरला असता तर फट वरपासून खालपर्यंत सारखीच उघडली असती. मी वरच फटीच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या. आठ दिवसांत त्यांच्यातलं अंतर वाढलं.

"काच तर फुटली नाही," इंजिनिअर म्हणाला.

"काच चुकीच्या जागी लावली आहे तुम्ही."

त्याच्याशी डोकं फोडण्यापेक्षा मी बायकांकडे गेले. ताटलीत डबा आणि पाण्याची उंच बाटली ठेवून ताटली जराशी कलती केली. डबा हलला नाही, बाटली आडवी झाली. त्यांची मुकादम बाई बघत होती. "म्हणजे बूड तिथंच राह्यते अन् डोकं आपल्यावर येते," ती म्हणाली, आणि सगळ्यांना उठवून समोरच्या वळणावर उन्हात घेऊन गेली.

"बायकांना भडकवून राहिल्या का?" इंजिनिअरने विचारलं.

"हो," मी म्हणाले. अजूनही तेच म्हणेन.

नंतर तीन दिवस पाऊस लागला, फटीत पाणी भरलं. चौथ्या दिवशी काम सुरू होण्याआधी एक खांब पुढे उलथला. भिंतीच्या वरून त्याचा माथा थेट रस्त्याच्या मध्यावर आपटला. जेवायची जागा त्याखाली गेली होती.

"दरड घसरली, असं लिहा," इंजिनिअर म्हणाला. "भिंत उंच करून टाकू."

मी लिहिलं: घसरला नाही, उलथला. उरलेले तीन खांब वरून फोडून काढेपर्यंत खाली कुणालाही पाठवू नये.

"हे कोणी मानणार नाही, मॅडम."

"आम्ही मानून राहिलो ना," मुकादम बाई म्हणाली. तिने घमेलं पालथं घातलं आणि भर उन्हात त्यावर बसली. मग एकेक करून सगळ्यांची घमेली पालथी झाली.