येळवशीच्या आधीची पोर

"किती महिन्यांची गं पोर?" अंगणवाडीच्या टीचरनं विचारलं, आणि मी पोरीचं तोंड बघायला लागले. कडेवर सख्ख्या बहिणीची लेक, आणि तिचं वय मला ठाऊक नाही. मागं तराजूपाशी चार-पाच बाया आपापली लेकरं घेऊन बसलेल्या. एकजण पदराआड हसली. हसू दे तर काय! मीही हसले असते.

पोर आमच्याकडं येऊन तीन आठवडे झाले होते. बहीण बरेच दिवस आजारी होती, उन्हाळा लागता लागता गेली. तिच्या सासूचा खुबा मोडलेला, नवऱ्याची बिदरजवळ कोळारच्या कारखान्यात पाळी. लेकराकडं बघायचं कुणी? एका दुपारी तो तिला घेऊन आमच्या दारात आला. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लेकरू घेतलं, पण जावयाला ओट्याच्या वर चढू दिलं नाही. पाणीसुद्धा मी बाहेरच नेऊन दिलं.

कारण सांगायलाही लाज वाटते. आम्ही बसवण्णांना मानणारे, तो बौद्धांचा. आमच्या घरात भिंतीवर बसवण्णांचा फोटो आहे, रोज सकाळी आप्पा त्याच्यापुढं बसून वचनं म्हणतात, जात नाही, पात नाही म्हणतात. आणि बहिणीनं त्याच्याशी लग्न केलं तेव्हा तिचं नाव घरात घ्यायचं बंद झालं. मी थोरली, तिची अक्का. मी तरी कुठं घेतलं?

पोरीचं जन्मतारखेचं, लशींचं कार्ड तिच्या बापाच्या घरी राहिलं होतं. फोन करून विचारायचं, तर आप्पा म्हणाले, "त्या लोकांपुढं तोंड उघडायचं न्हाई." मग काय, कार्ड नाही एवढंच टीचरला सांगितलं.

टीचर आमच्याच गल्लीतली, बोलघेवडी. म्हणाली, "असू दे, लेकराला बघून सांगू." तिनं पोरीला सतरंजीवर ठेवलं. पोर आधार न घेता बसली. खुळखुळा दाखवला तर रांगत आली, खुर्ची धरून उभी राहिली. हात सोडून पाऊल टाकेना. "बोलते का काही?" "मम्मी म्हणते, दुधाला दुदू म्हणते." टीचरनं तोंडात बोट घालून दात बघितले. "दहा महिने धरू या," ती म्हणाली. मग वजन केलं. सात किलोला थोडं कमी. तिनं तक्ता बघितला आणि हसली. "दहा महिन्यांच्या पोरीला बारीक हाय, पर हिरव्यात बसायलीय बघ."

माझ्या जिवात जीव आला. खरं सांगते, पोरीसाठी नाही. आता गावात कुणी म्हणायचं नाही की आम्ही पोरीला उपाशी ठेवलं, एवढंच माझ्या मनात आलं. मी पोरीला उचललं आणि निघाले.

टीचरनं तेवढ्यात दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावली, आणि तिचं हसू मावळलं. पट्टी पिवळ्यावर आली. "थांब थांब. ह्याला वय लागत न्हाई, दंड खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली. "माझंच चुकलं की काय गं? बसण्यावरनं, चालण्यावरनं वय काढायचं म्हणजे अंदाजपंचे. कुठलं लेकरू चौथ्या महिन्यात बसतं, कुठलं नवव्यात. कुठलं नऊ महिन्यांचं होऊन चालतं, कुठलं दीड वर्षाचं झाल्यावर, आणि दोन्ही चांगली. दाताचंबी तसंच. आणि लेकरू आजारी असलं, पोटात काही नसलं, तर सगळंच मागं पडतं. मग आपण त्याला बारकं समजतो, आणि बारकं समजलं की वजन बरोबर दिसतं."

मला कळलं आणि कळलंही नाही. "म्हणजे कसं?"

"म्हणजे दहाची असली तर जास्तीचं खाणं देऊ, पुढच्या महिन्यात बघू. पर दीड वर्षाची असून एवढंच वजन असलं तर ती लाल रेघेखाली हाय. मग उद्याच्या उद्या बिदरच्या दवाखान्यात न्यावं लागंल. नुसतं चालत न्हाई म्हणून मी भ्याले नसते. वजनबी न्हाई, म्हणून भ्यायलेय. आठव की जरा. कुठल्या सणाला जन्मली? येळवशीच्या आधी का नंतर?"

येळवस, म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावास्या, शेतात जेवायचा सण; तिचं नाव काढलं आणि मला सगळं आठवलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी सगळ्या भाज्यांच्या भज्जीची तयारी चालली होती, मी अंबीलीला ताक घुसळत होते. तेव्हा दारात एक म्हातारी आली. हातात जिलेबीचा पुडा. बहिणीची सासू. "नात झाली, काल बारसं केलं," ती म्हणाली. आप्पा आतून ओरडले, "परत दे!" मी परत दिला. नुसता दिला असता तरी चाललं असतं. पण माझी जीभ! मी म्हणाले, "आमच्यात सुतक हाय, गोड चालत न्हाई." आमच्यात, बसवण्णांना मानणाऱ्यांत, सुतक पाळतच नाहीत. म्हातारीला ते ठाऊक असणार. ती पुडा घेऊन गेली.

म्हणजे मला ठाऊक होतं. मी ते इतकं खोल गाडलं होतं की मलाच सापडेना.

सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. वाटलं, म्हणावं, आठवत नाही. कोण विचारणार होतं? पोर माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. तिचा दंड माझ्या अंगठ्याएवढा.

"येळवशीच्या आदल्या दिवशी बारशाची जिलेबी आली होती," मी म्हणाले. "मीच परत केली."

टीचरनं खाली बघतच विचारलं, "कुठली येळवस? गेल्या हिवाळ्यातली म्हणावं तर पोर पाच महिन्यांची ठरंल, आणि पाच महिन्यांची पोर अशी उभी राहत न्हाई."

"त्याच्या आधीची."

तिनं बोटांवर मोजलं. "सतरा भरले." पुन्हा तक्त्यावर बोट ठेवलं, आणि तक्ता मला दाखवायची गरज पडली नाही. "उद्या सकाळीच जा. आणि डॉक्टर इचारतील, कधी बसली, कधी रांगली, कधीपासून मागं पडली. तिच्या आजीला फोन कर. दुसरं कोण सांगणार?"

संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसलेले असताना, त्यांच्या देखत, मी फोन लावला. ते उठून आत गेले. म्हातारीनं आवाज ओळखला. मी कशासाठी फोन केला ते सांगितलं, तशी ती पडल्या पडल्या सगळं सांगत गेली. नागपंचमीला उशी काढली तरी बसली. दिवाळीत घरभर रांगली. संक्रांतीला मम्मी म्हणाली. "तोवर गुटगुटीत होती बघा. मग सुनबाईनं अंथरूण धरलं, दूध आटलं, आणि पोर जागच्या जागी राहिली. पाणी घातलेलं दूध पाजत होतो. माझंच चुकलं."

तिनं जिलेबीचं काढलं नाही, सुतकाचं काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, उद्या दवाखान्यात नेते.

"न्या, माय," ती म्हणाली. "एक इचारू? रागावू नका. पोरीला तुमच्या ताटात जेवू घालताव ना?"

"व्हय," मी म्हणाले.

पोरीची वाटी तेव्हा अंगणात, धुण्याच्या दगडापाशी पालथी पडली होती. ती आत आणायची नाही, असं आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तीन आठवडे रोज मीच ती तिथं ठेवत होते.