शुक्रवारच्या आत

मुलीला अभियांत्रिकीला पुण्यातल्या एका कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. प्रवेश घेताना जात पडताळणीच्या अर्जाची पावती चालली. मूळ वैधता प्रमाणपत्र मात्र शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. न दिल्यास तिचा प्रवेश खुल्या प्रवर्गात धरला जाणार होता आणि तिच्या गुणांवर खुल्या प्रवर्गात ती जागा नव्हती. एवढाच मामला होता.

आम्ही जळगावला राहतो, पण गाव नरडाण्याजवळचे. जातीचा दाखला धुळे जिल्ह्यातून निघालेला, म्हणून पडताळणीही धुळ्याच्या समितीकडे. आमचे घर बौद्ध. धर्मांतराच्या आधीची जात जुन्या कागदांवरून सिद्ध करावी लागते. आमच्याकडे जुना कागद एकच: माझे वडील गावच्या शाळेत पहिलीत बसले तेव्हाची नोंद. घरात सरकारी नोकरीत कोणी गेले नव्हते, त्यामुळे वैधता आधी कोणाचीही झालेली नव्हती. ती असती तर मुलीचे काम लवकर झाले असते.

सोमवारी रात्रपाळीच्या आधी पेपरच्या कचेरीतच मी अर्ज लिहायला घेतला. पहिल्या खर्ड्यात ‘मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे’ असे वाक्य होते. ते खोडले. भवितव्य प्रत्येक फायलीत असते. दुसऱ्यात ‘वारंवार चौकशी करूनही’ होते. तेही खोडले, कारण मी दोनदाच विचारले होते आणि दोन्ही वेळा नीट उत्तर मिळाले होते. शेवटी चार वाक्ये राहिली: शुक्रवार ही मुदत आहे, कॉलेजची सूचना सोबत जोडली आहे. फाईल पूर्ण असल्यास त्याआधीच्या बैठकीत घ्यावी. निर्णय कोणताही असो, तो मुदतीआधी कळावा. ते शक्य नसेल तर तसे कळवावे, म्हणजे कॉलेजला वेळेत सांगता येईल.

शेजारच्या टेबलावरच्या मुख्य उपसंपादकाने अर्ज वाचला.

“हा अर्ज आहे की हवामानाचा अंदाज?” तो म्हणाला. “एक फोन टाकू का? धुळ्याचा आपला वार्ताहर रोज त्याच आवारात असतो.”

“नको.”

“नुसती चौकशी करेल.”

“वार्ताहराने केलेली चौकशी नुसती नसते.”

तो हसला. “मग बस अर्ज करत. बातमी मीच लावतो, ‘पत्रकाराच्या मुलीचा प्रवेश हुकला’. एक कॉलम देईन.”

मंगळवारी सकाळच्या एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. ओळखपत्र घरी ठेवले होते. त्याचा उपयोग झाला नाही. मूळ फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘पत्रकार’ असे मुलीने ठळक अक्षरात आधीच लिहून ठेवले होते.

आवक टेबलावरच्या मॅडमनी अर्ज उभ्यानेच वाचला. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. संगणकावर फाईल पाहिली.

“गृहचौकशी झाली. दक्षता पथकाचा अहवाल आहे. शाळेचं उत्तर नाही. आजोबांच्या नोंदीची खातरजमा आपण शाळेकडून मागवली, ते पत्र गेलंय. उत्तर आलं की फाईल पूर्ण.”

“शाळेला आठवण करायची असेल तर—”

“आम्ही करू. तुम्ही जाऊ नका.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “म्हणजे जा, तुमचं गावच आहे. पण कागदाला हात लावू नका. अर्जदाराच्या हातून आलेली खातरजमा ती कसली खातरजमा?”

मी हो म्हटले. त्यांनी अर्ज आत नेला. सदस्य सचिवांनी, म्हणजे कागदपत्रे तपासून समितीपुढे ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, मला बोलावले. टेबलावर माझा अर्ज आणि कॉलेजची सूचना. ते सूचनाच जास्त वेळ वाचत होते.

“पेपरात आहात?”

“हो.”

“अजून कोणाचा फोन आला नाही.”

“येणार नाही.”

“असं सगळेच सांगतात.” त्यांनी घंटी वाजवून मॅडमना बोलावले. “पावतीवर प्रवेश झालेली आणखी मुलं असतील ना आपल्याकडे? त्यांची मुदत हीच असणार. सगळ्यांच्या फायली वेगळ्या काढा. पूर्ण असतील त्या गुरुवारी समितीपुढे ठेवू.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमची अपूर्ण आहे. पूर्ण झाली तर ठेवू. नाही झाली तर नाही.”

बाहेर आल्यावर लक्षात आले की अर्जाचा फायदा ज्यांच्या फायली पूर्ण होत्या त्या मुलांना झाला होता. आमची त्यांत नव्हती. तक्रार करण्यासारखे काही घडले नव्हते.

संध्याकाळी गावी चुलत भावाला फोन केला. तो माझ्याहून मोठा, शेती करतो आणि गावातल्या प्रत्येक लग्नाचा मांडव स्वतः उभा राहून घालून घेतो. मी त्याला फक्त कळवले: शाळेचे उत्तर बाकी आहे, कार्यालय विचारणार आहे. ‘तू काही करू नको’ हेही म्हणायला हवे होते. ते म्हटले नाही, कारण त्याच्या बाबतीत त्या वाक्याचा अर्थ ‘कर’ असाच होतो, असा माझा अनुभव होता. यावेळी दोन्ही मार्गांनी तेच झाले असते.

बुधवारी दुपारी त्याचा फोन आला.

“भाऊ, मी धुळाले शे. टेन्शन लेऊ नको, बठ्ठं काम व्हई गये.”

“कुठलं काम?”

“शाळाना कागद लई उनू ना मी. हेडमास्तरले घरथून उठाडं, शिक्का मारी लिधा, पाकिटबी बंद करी लिधं.”

“शाळेचा कागद तू आणलास? कोणाला देऊ नकोस. तसंच परत घेऊन ये.”

मागे रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

“दी टाकं,” तो म्हणाला. “त्या चष्मावाली अक्काले. तिनी चेहरा असा करा, जसं मी पाकीटमां साप लई उनू.”

“आपल्या हातून गेलेला कागद तिथे चालत नाही,” मी म्हणालो. तो चिडला.

“मी काय चोरी करीसन लई उनू का? नोंद खरी शे, शिक्का खरा शे, हेडमास्तर खरा शे. मंग खोटं काय शे?”

त्याचे म्हणणे बरोबर होते. खोटे काही नव्हते. पण त्या कार्यालयात खरेपणा कागदाला चिकटलेला नसतो. तो कागद कोणत्या वाटेने आला यावर ठरतो. वर्षानुवर्षे तिथे शिक्के मारलेले खोटे कागद बंद पाकिटांतून, नातेवाइकांच्या हातून आलेले आहेत. आमचा कागद आता त्यांच्याच वाटेने आला होता.

मी कार्यालयात फोन केला नाही. फोनवर मी काहीही बोललो असतो तरी त्याचा अर्थ एकच निघाला असता.

गुरुवारी मुलीला घेऊन निघालो. पारोळ्याला एसटी थांबली. मग तिने विचारले, “आबांनी मुद्दाम केलं का?” ती माझ्या चुलत भावाला आबा म्हणते.

“प्रेमाने केलं.”

“मग समिती ते लिहून घेईल का, प्रेमाने केलं असं?”

मॅडमच्या टेबलावर पाकीट न उघडता ठेवले होते. त्यावर टाचणीने चिठ्ठी: ‘अर्जदाराच्या नातेवाइकाने समक्ष आणले.’ त्या माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त सभ्यपणे बोलल्या, त्यावरून परिस्थिती कळली.

“हे मला फाईलला लावता येत नाही आणि फेकताही येत नाही. साहेबांना दाखवावं लागेल. ते म्हणतील, शाळेवर कोणी दबाव आणला का ते आधी बघा. त्यात आठ-दहा दिवस सहज जातात.”

“मी दोन ओळी लिहून देऊ का?”

“काय लिहिणार?”

मी कोरा कागद मागितला. मुलगी शेजारी उभी राहून वाचत होती. मी लिहिले की पाकीट माझ्या चुलत भावाने आणले, मला न विचारता आणले, तरी जबाबदारी आमचीच आहे. ते विचारात घेऊ नये. नोंदीची खातरजमा समितीने आपल्या पद्धतीने करावी.

इथे मी थांबलो. अजून एक वाक्य लिहायचे होते आणि ते मुलीच्या वाट्याचे होते. मी तिच्याकडे पाहिले.

“लिहा,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “लवकर लिहा, नाहीतर मी नको म्हणेन.”

मी लिहिले: त्यासाठी शुक्रवार उलटला तरी आमची हरकत नाही.

मुलीनेही खाली सही केली. अर्जदार तीच होती.

कागद आत गेला. बाकावर आणखी पाच-सहा मुले आणि त्यांचे पालक बसले होते, त्याच मुदतीची. शिरपूरकडून आलेल्या एका बाईने मुलीला विचारले, “तुझं पण उद्याच शे का?” मुलगी म्हणाली, “होतं.” बाईंनी पिशवीतून दशमी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती खाल्ली नाही, हातात धरून बसली.

बैठक सुरू झाली. एकेक नाव पुकारले जात होते. शिपाई आमच्यावरून नजर फिरवून दुसऱ्याकडे जाई. जेवणाच्या सुट्टीआधी सदस्य सचिव बाहेर आले. त्यांच्यामागे दक्षता पथकातले साध्या कपड्यातले एक पोलीस. सचिव त्यांना सांगत होते, ते आम्हाला सहज ऐकू येत होते.

“तुम्ही शिंदखेड्याला निघालाच आहात ना त्या दुसऱ्या चौकशीला? वाटेत या शाळेत जा. जनरल रजिस्टर स्वतः बघा, मूळ. पानाचा फोटो, शाई बघा, आधीची-नंतरची नोंद बघा. पत्र नको, रजिस्टर बघा.”

माझ्याकडे वळून ते म्हणाले, “नोंद खरी असेल तर बरं. नसेल तर आजच कळेल.”

“चालेल,” मी म्हणालो.

“तुम्ही गावी फोन करू नका.”

“नाही.”

मी फोन मुलीच्या हातात दिला. चुलत भावाचे तीन फोन येऊन गेले. तिने एकही उचलला नाही. नोंद खरी होती हे मला माहीत होते. तरी त्या दुपारी ते मला पुरले नाही. इतक्या वर्षांचे पान फाटलेले असेल, शाई उडाली असेल, वडिलांच्या नावापुढे कोणा मास्तरने नंतर काही गिरवून ठेवले असेल. लोकांच्या नोंदींवर मी बातम्या लिहिल्या होत्या, पण आमची नोंद मी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पाहिली होती ती तिची नक्कल.

बाकावरचे लोक एकेक करून गेले. शिरपूरच्या बाई जाताना मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. ऊन खिडकीतून भिंतीवर चढले तेव्हा साध्या कपड्यातले पोलीस परत आले. आमच्याकडे न पाहता सरळ आत गेले.

मग मुलीचे नाव पुकारले. आम्ही दोघे आत गेलो. तीन खुर्च्यांवर तीन सदस्य होते. मधल्यांनी तिला वडिलांच्या वडिलांचे नाव विचारले, गाव विचारले. तिने सांगितले. त्यांनी समोरच्या, रजिस्टरच्या पानाच्या फोटोकडे पाहून मान हलवली आणि तिघांनी सह्या केल्या.

पाकीट शेवटपर्यंत उघडले नव्हते. मॅडमनी ते चिठ्ठीसकट फाईलला लावले. “हे आता कायम इथेच राहणार,” त्या म्हणाल्या. “प्रमाणपत्र उद्या सकाळी पोर्टलवर दिसेल. नाही दिसलं तर फोन करा.” आणि थोडे थांबून, “तुम्हीच करा.”

शुक्रवारी सकाळी ते दिसले. दुपारच्या आत मुलीने ते कॉलेजला पाठवले. पोच आल्यावरच तिने आबांना फोन लावला आणि माझ्याकडे दिला.

“म्हणजे मन्हा कागद कामले नही उना?” चुलत भावाने विचारले.

“नाही.”

“मंग पोलीस कसाले उना व्हता शाळामां? बठ्ठं गाव मले इचारी ऱ्हायनं, तुन्हा भाऊनी काय करं.”

“नोंद बघायला आला होता.”

“दखी?”

“दखी.”

 मग म्हणाला, “पेपरवाला भाऊ ऱ्हाईसन काय फायदा? एक फोन करता उना नही तुले.”

मुलीने फोन माझ्या हातून घेतला आणि तिला पुण्याला पोहोचवायला येणार का, असे आबांना विचारले.