तिच्या शेवटच्या फेरीच्या नोंदी

धरमतर खाडीकडची गावं माझ्याकडे आली ती माझी सहकारी गेल्यावर. आम्ही दोघी पेणच्या आरोग्य केंद्रात नर्स होतो. फेरीवर असताना मिठागराच्या बांधावर तिला साप चावला. ती दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

घरोघरच्या नोंदी आम्ही मोबाईलमधल्या ॲपवर करायचो. मिठागरांकडे रेंज नसते, पण ॲप अडायचं नाही. नोंदी फोनमध्येच रांगेत थांबायच्या. रामवाडीपर्यंत आलं, रेंज लागली, की आपोआप सर्व्हरवर जायच्या.

ती जाऊन बरेच दिवस झाले होते. एका दुपारी मी केंद्रात माझा फोन उघडला. नव्या नोंदींवर तिचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, ‘आत्ता आली’. मी बघत असताना आणखी एक आली. मग आणखी एक. जणू ती घरोघर जात होती आणि मी इथून तिची पावलं बघत होते.

मी तिच्या नवऱ्याला फोन लावला. तो रोह्याला कंपनीत होता.

“ताई, तिचा मोबाईल बंद पडलेला. फोटो बघायचे म्हणून शिफ्टला येताना आणला, चार्जिंगला लावला,” तो म्हणाला. “का, काय झालं?”

“काही नाही. तिचं राहिलेलं काम पोचलं.”

पलीकडून रडण्याचा आवाज आला.

फोन ठेवला तेव्हा पडद्यावर सूचना होती: एकाच बाईच्या माहितीत दोन वेगवेगळे बदल, कोणता ठेवायचा? बाई गरोदर होती. माझ्या सहकारी नर्सने शेवटच्या फेरीत रक्तदाब जास्त लिहून बाईला ‘जोखमीची’ केलं होतं. ते मला कधी दिसलंच नव्हतं. नंतरच्या भेटीत मला दाब ठीक सापडला आणि मी ‘साधारण’ नोंदवलं होतं. भेटी दोन्ही जमा झाल्या होत्या, पण हा शेरा एकच राहणार होता.

मी तिचा ‘जोखमीची’ हा शेरा ठेवला आणि तशीच त्या बाईकडे निघाले.

“परत आलीस गो सिस्टर?” बाई दारातच हसली. तिचे पाय सुजले होते. दाब मोजला, पुन्हा मोजला. चढलेलाच होता.

“डोकं दुखतं का?”

“व्हय. त्या दुसऱ्या सिस्टरला सांगितलेलं मी. ती येनार हाय ना?”

मी दाबाचा पट्टा सोडला. तिला गाडीत घालून सरकारी रुग्णालयात नेलं. पुढे मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या.

माझ्या सहकारी नर्सचा नवरा तिचा सरकारी मोबाईल जमा करायला केंद्रात आला. “अजून काय बाकी हाय का यात?” त्याने विचारलं.

रांग रिकामी होती. फक्त एक अर्धवट भेट होती, फोनमध्येच, जतन न केलेली. म्हणून ती रांगेत कधी लागलीच नव्हती. त्यात पाड्याचं नाव होतं, पुढे कोरं.

त्याने ते वाचलं. “तिकडंच निघालेली ती,” तो म्हणाला, आणि मोबाईल परत खिशात घातला. मी अडवलं नाही.