दोन बाक्या

मॅट्रिकच्या वर्गात आम्ही मुली दोघीच. वडिलांनी बजावलं होतं, शाळेच्या चाचणीत बीजगणित सुटलं तरच मॅट्रिकला बसवीन, नाहीतर स्थळं आलेलीच आहेत. त्यामुळे मास्तरांनी जांभळ्या शाईत लिहून जेलीच्या ट्रेवर ठसा उठवून प्रती काढलेला तो चाचणीचा कागद मला यमाच्या बोलावण्यासारखा वाटला.

प्रश्न साधा होता. ज्या बहुपदीची शून्ये ३ आणि १/२ आहेत ती वर्गबहुपदी लिहा. मग तिला x − १ ने भागल्यास बाकी किती, ते शेष सिद्धांताने सांगा. शून्यांची बेरीज साडेतीन, गुणाकार दीड. मला अपूर्णांकांचा भारी राग, म्हणून सगळ्याला दोनाने गुणून मी लिहिलं: २x² − ७x + ३. त्यात x च्या जागी एक घातला, बाकी −२.

मास्तरांनी दोन्ही उत्तरांवर फुली मारली. त्यांची बहुपदी x² − (७/२)x + ३/२, बाकी −१. त्या फुल्यांनी मी नापास.

मी कागद घेऊन टेबलापाशी गेले. भीती वाटत होती, पण त्याहून चीड जास्त होती.

"सर, माझ्यात तीन घालून बघा ना."

त्यांनी घातले. अठरा वजा एकवीस अधिक तीन, शून्य. अर्धा घातला, शून्य. मग स्वतःच्या बहुपदीत घातले, तिथेही शून्यच.

"शून्यं तीच, मग बाकी वेगळी कशी गो?" हे त्यांनी मला विचारलं! मला काय ठाऊक? मीही गोंधळलेच. दोन्ही बरोबर, मग एकच का नाहीत?

दोन्ही बहुपदी शेजारी शेजारी मांडून ते म्हणाले, "शून्यांवरून सहगुणकांचं प्रमाण कळतं, सहगुणक नाही कळत. दुप्पट केलीस, बाकीही दुप्पट झाली. प्रश्नच अपुरा घातला मी." आणि फुल्या खोडून मला पास केलं.

घरी मात्र वेगळंच. "मास्तरांस दया आली तुझी," कोर्टात कारकून असलेले वडील म्हणाले. "एका गणिताला दोन उत्तरं? कोर्टात असं चालत नाही."

मी दोन्ही बहुपदी पाटीवर लिहून ती त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि आकडे त्यांनाच घालायला लावले. मास्तरांच्या बहुपदीत तीन घालून ते बोटांवर मोजत पुटपुटले, नऊ वजा साडेदहा अधिक दीड. शून्य. माझ्या बहुपदीतही शून्य. मग दोन्हींत एक घातला, तर दोन निराळ्या बाक्या. त्यांनी पुसून पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करू लागले आणि पाटी खाली ठेवली.

"मला नाही कळत हे," ते म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांच्या तोंडून हे ऐकत होते, आणि मला रडूच फुटलं.

"अगो, रडतेस काय? मला कळत नाही तर मी कसा अडवू तुला? बस परीक्षेस."