अंगठा, एक पान आणि दोन सह्या

साहेबांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या अंगठ्याचा अर्थ काय, यावर माझं आणि कंपनीचं एकमत झालं नाही, तिथून ही गोष्ट सुरू होते.

मी कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत वाळूच्या लॅबमध्ये आहे. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचं. साचा वाळूचा. ती वाळू किती ओली, किती घट्ट, हे दिवसभर तपासायचं, आणि कास्टिंग, म्हणजे ओतून निघालेला भाग, बिघडलं की ते का बिघडलं ते सांगायचं, हे माझं काम. पहिलं मला बरं जमतं. दुसरं जमतं असा माझा बरीच वर्षं समज होता.

पुण्यात कास्टिंगमधले दोष ओळखण्याचा एक कोर्स निघाला. चार शनिवार-रविवार, फी भरभक्कम. खिशातून भरायची तर गाडीचे दोन हप्ते बुडवावे लागले असते. मी साहेबांना मेसेज टाकला: ‘साहेब नमस्कार. पुण्यात एक भारी कोर्स आहे. करावा म्हणतोय. फी कंपनीनं बघितली तर बरं होईल. शनिवार-रविवारच आहे, त्यामुळं कामाचा खाडा नाही. बघा जमतंय का.’ शेवटी जोडलेले हात, तीन वेळा.

पाच मिनिटांत साहेबांचा अंगठा आला.

मी बायकोला सांगितलं. बायकोनं माहेरी सांगितलं. सासऱ्यांनी फोन करून ‘कंपनी पुण्याला पाठवत्या म्हणं’ असं अभिनंदन केलं. त्या जोरावर मी संस्थेचा फॉर्म भरला आणि ‘फी कोण भरणार’ या रकान्यात कंपनीचं नाव टाकून दिलं. दोन दिवसांनी संस्थेनं पैशासाठी आमच्या अकाउंट्सला फोन केला, अकाउंट्सनं साहेबांना विचारलं, आणि साहेबांनी मला बोलावलं.

“कुणी मंजूर केलं?”

“तुम्ही अंगठा दिला की साहेब.”

“अंगठा म्हणजे बघितलं! काल तू मेलेल्या माणसाचा फोटो टाकलास ग्रुपवर, त्याला पण चौघांनी अंगठा दिलाय. ते काय मंजुरी हाय का?”

मी मनातल्या मनात ते चार अंगठे मोजले.

“आणि हे काय? शनिवार-रविवार, कामाचा खाडा न्हाय?” त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. “आपली सुट्टी कधी असत्या?”

“सोमवारी.”

“मग?”

मग काय! आमच्या कारखान्याला सोमवारी सुट्टी, आणि शनिवार-रविवार भट्टी धडाडून चालू. ते वाक्य मी कोर्सच्या माहितीपत्रकातून जसंच्या तसं उचललं होतं. पुणेकरांची सुट्टी मी माझ्या नावावर लावून घेतली होती.

साहेब जरा निवळले. “हे बघ, मला काय वावडं न्हाय. पण मी हे घेऊन वर मालकांकडं जाणार. त्यांना काय दाखवू? ‘बघा जमतंय का’? एक पान लिहून दे. एकच. कंपनीचं काय जातंय, कंपनीला काय मिळतंय. संस्था शुक्रवारपर्यंत जागा धरणार हाय म्हणं. गुरुवारी माझ्या टेबलावर पाहिजे.”

मी बुधवारी तीन पानं लिहिली. ‘माननीय महोदय, वरील विषयास अनुसरून’ अशी सुरुवात. मग माझी ओतकामाची बालपणापासूनची ओढ, माझी ज्ञानाची तहान, माझं भवितव्य. शेवटी ‘रिजेक्शन शून्यावर आणीन’ अशी भीष्मप्रतिज्ञा. वाचून माझेच डोळे पाणावले. दुसऱ्याचेही पाणावतात का बघावं म्हणून परचेसच्या मॅडमना दाखवलं. कारखान्यात येणारी प्रत्येक वस्तू, खिळ्यापासून भट्टीच्या विटांपर्यंत, त्यांच्या एका कागदावरून मंजूर होते.

मॅडमनी अर्धं पान वाचलं आणि चष्मा काढला.

“ह्यो कोर्सचा अर्ज हाय का लग्नाचा बायोडाटा?”

“का ओ?”

“सगळीकडं तुम्हीच हाय की. कंपनी कुठं हाय ह्यात? मी बेंटोनाइट मागवताना लिहिते का, मला लहानपणापासून बेंटोनाइटची आवड हाय म्हणून?”

बेंटोनाइट म्हणजे वाळू धरून ठेवणारी माती. तिची आवड असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

मॅडमनी पाठकोरा कागद ओढला आणि भाजीची यादी सांगावी तसं सांगत गेल्या. पहिल्या ओळीत काय पाहिजे आणि कधीपर्यंत. मग अडचण काय, कुठल्या कास्टिंगची, किती नुकसान. मग दुसरे मार्ग: काहीच केलं नाही तर काय, बाहेरचा सल्लागार बोलावला तर काय, आणि हाच कोर्स का. मग सगळा खर्च, नुसती फी नव्हे. जाणं-येणं, राहणं, आणि तुमच्या गैरहजेरीचे आठ दिवस. तुमचं काम तेव्हा कोण बघणार, नावानिशी. परत आल्यावर काय देणार आणि ते कशावरून मोजायचं.

“आणि ते शून्य खोडा आधी. शून्य म्हटलं की साहेब पुढचं वाचणारच न्हाईत.”

अडचण शोधायला मी रिजेक्शनच्या ढिगाकडं गेलो. बाद कास्टिंगवर आमच्याकडं लाल रंग मारतात. त्या ढिगात निम्मी लाल पंप हाउसिंग, म्हणजे पंपाची बाहेरची कवचं, एकाच गिऱ्हाइकाची, आत वाटाण्याएवढी भोकं पडलेली. मला आनंद झाला. म्हटलं, पुरावा म्हणजे असा पाहिजे! उत्साहानं फाइल काढली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वाळूत ओल जास्त.’ खाली सही. माझी.

मग सगळं आठवलं. भोकं गॅसची होती. मी ओलीवर संशय घेतला आणि तीन आठवडे वाळूतलं पाणी तोडत राहिलो. भोकं तशीच. वर वाळू इतकी भुसभुशीत झाली की ती सुटून लोखंडात मिसळायला लागली. म्हणजे एक रोग बरा झाला नाही आणि दुसरा मी पदरचा दिला. खरं कारण कोअरमध्ये होतं. कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात वाळूचा जो गाभा ठेवतात, तो कोअर. त्यातला गॅस बाहेर जायची वाट बुजली होती. कोअर शॉपचे मिस्त्री, ज्यांना सगळा कारखाना चाचा म्हणतो, ते पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते.

मी मॅडमकडं परतलो. नुकसान मांडलं. तिथंही त्यांनी अडवलं. “बाद माल परत भट्टीत जातो की. त्या लोखंडाची किंमत वजा करा. फक्त वीज, मजुरी, वाळू, गाडीभाडं धरा. न्हायतर साहेब तिथंच पकडतील.” वजा केलं तरी आकडा कोर्सच्या सगळ्या खर्चाहून मोठाच राहिला. आता फक्त कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘काही तांत्रिक कारणांमुळे निदानास विलंब झाला.’

मॅडम म्हणाल्या, “तांत्रिक कारण म्हणजे तुम्हीच की ओ!”

हाच पेच होता. माझ्या चुका जितक्या ठळक, तितकी कोर्सची गरज पक्की. आणि कोर्सची गरज जितकी पक्की, तितकं मला कामावर ठेवायचं कारण कच्चं. शेवटी डोळे मिटून लिहिलं, ‘दोषाचे कारण मी चुकीचे ओळखले. त्यामुळे तीन आठवडे नुकसान वाढले.’ आणि फाइलमधल्या त्या पानाची झेरॉक्स मागं जोडली.

उरला माझ्या जागी माणूस. तसा माणूस एकच होता. मी चाचांकडं गेलो.

“चाचा, चार शनिवार-रविवार माझी वाळू बघाल काय?”

“तीन आठवडं वाळवलीस तिला. तवाच म्हटलतं, पाणी पाज बिचारीला.” चाचा कोअरवरून हात फिरवत म्हणाले. “बघतो. पण एक. कागदावर लिहायचं, चाचांनी आधी सांगितलतं म्हणून.”

लिहिलं. ‘कोअर शॉपने योग्य कारण वेळीच सांगितले होते.’ चाचांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि दुसऱ्या वेळी शेजारच्या दोघांना बोलावून घेतलं.

गुरुवारी ते एक पान साहेबांच्या टेबलावर गेलं. मी समोर उभा. साहेब पेन घेऊन ओळ न् ओळ वाचत होते.

“चाचांना ठाऊक होतं. मग कोर्सवर कशाला घालू? त्यांना पगार देतोयच की.”

हा प्रश्न मॅडमनी सांगितलेल्या यादीत नव्हता. मी खरं तेच बोललो. “साहेब, चाचांनी सांगितलं, पण मला पटलं न्हाय. दोन माणसं दोन कारणं सांगतात तेव्हा कुठलं खरं, हे तपासायचं कसं तेच मला येत न्हवतं. ते शिकायला जायचंय.”

साहेबांनी पान उलटलं. मागं झेरॉक्स. कारणाखाली माझी सही. तिच्या शेजारी, ‘तपासले’ या शब्दापुढं, दुसरी सही. ती मी घाईत बघितलीच नव्हती. आता बघितली. तिचा शेवटचा फराटा मी गेली कैक वर्षं रजेच्या अर्जावर बघत आलो होतो.

साहेबांनाच साहेबांविरुद्ध पुरावा देऊन मी फी मागत होतो.

“हे जोडायचं कुणी सांगितलं?”

“काढतो साहेब.”

“राहू दे.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं, माझ्या कबुलीजबाबाखाली एक ओळ लिहिली आणि सही केली: ‘तपासणी माझी होती. चूक दोघांची.’ मग कागद घेऊन जिन्यानं वर गेले.

त्या दहा मिनिटांत मी सासऱ्यांना काय सांगायचं याचे चार प्रकार जुळवले. एकही धड नव्हता.

साहेब खाली आले ते कागद माझ्या हातात देऊन खुर्चीत बसले. तोंड असं, की मला वाटलं गेलं. खाली मालकांच्या तिरक्या अक्षरात दोन ओळी होत्या: ‘मंजूर. चूक दोघांची, तर दोघांनीही जावे.’

“साहेब, म्हणजे तुम्ही पण...”

“वाचता येतंय मला.”

पहिल्या शनिवारी पहाटे साहेबांच्या गाडीतून निघालो. कारखाना चाचांच्या ताब्यात. आदल्या दिवशी त्यांनी ‘जावा, शिकून या पोरांनो’ म्हणून आम्हा दोघांनाही आशीर्वाद दिला होता, आणि साहेबांनी तो मान खाली घालून घेतला होता. किणीचा टोलनाका गेला, कराड आलं. डॅशबोर्डवर साहेबांची नवी कोरी वही. माझ्या बायकोनं पुण्यापर्यंत पुरतील एवढ्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. मी डबा पुढं केला.

साहेबांनी एका हातानं भाकरीचा तुकडा मोडला, रस्त्यावरची नजर न काढता चावला आणि म्हणाले, “चटणी बरी हाय.”

“थँक्यू साहेब.”

“आणि ऐक. ह्याच्या पुढं काय मागायचं झालं तर...”

“एक पान. कळलं साहेब.”

“पान न्हवं,” साहेब म्हणाले. “व्हॉट्सॲपवरच टाक.”