वीरभद्रची सही

आमच्या लातुरात सही मिळत नाही असा इंजिनिअर एकच, वीरभद्र. लोक त्याला 'नकारभद्र' म्हणायचे, तोंडावरसुद्धा. तो हसायचा आणि चहा मागवायचा. पण इमारत मजबूत असल्याचा कागद पुढे सरकवला की त्याचा हात खिशातल्या पेनाकडे जायचाच नाही. आधी पाया उघडून दाखवा, मग बघू.

मी मालविका, इथल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संघटनेची सचिव. सचिव म्हणजे काय, तर जिच्याकडे चालू लॅपटॉप आहे ती. अध्यक्ष दत्तोपंत भाषण करतात, मी बाकी सगळं करते. त्यामुळे वीरभद्रच्या वेबिनारची घोषणा लिहायचं कामही माझ्याकडेच आलं.

लॉकडाऊन उठला आणि क्लासेसच्या गल्लीत पोरं पुन्हा लोटली. नांदेड-जळकोटपासून आईबाप ट्रंका घेऊन यायचे, आणि होस्टेलवाले जुन्या इमारतींवर मजले चढवायचे. अशाच एका मुलींच्या होस्टेलवर चौथा मजला चढत होता. खाली पार्किंगसाठी नुसते खांब, पाया तीन मजल्यांचा. मालक सहीसाठी वीरभद्रकडे आला. वीरभद्रनं पाया तपासला आणि नाही म्हणाला. मग सही यज्ञेशनं दिली. यज्ञेश एकेकाळी वीरभद्रच्याच हाताखाली शिकलेला! वीरभद्रनं महापालिकेला लेखी कळवलं, तर उत्तर आलं की स्थैर्य प्रमाणपत्र फायलीत आहे. झालं. कागद आहे म्हणजे इमारत मजबूत, असा आपला कारभार.

तेव्हा तो माझ्याकडे आला. "मॅडम, एकेकाला सांगून थकलो. सही करनारे सगळे एकदा समोर बसवा. मला बाकी काही न्हाई पायजे."

मी घोषणा लिहिली. विषय: जुन्या इमारतींवर वाढीव मजले आणि भूकंप. काय शिकाल, याखाली त्याचे मुद्दे घातले. तळमजला मोकळा सोडला की खांबांवर काय येतं. मजला वाढवण्याआधी पाया आणि काँक्रीट कसं तपासायचं. जुन्या नकाशावर किती विश्वास ठेवायचा. आणि शेवटचा मुद्दा, सही केव्हा नाकारायची. वक्त्यांचा परिचय म्हणून पदवी आणि अनुभव, त्याखाली नोंदणीची लिंक. सगळ्या ग्रुपांवर टाकली. अंगठे भरपूर आले, नोंदण्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतही निम्मी पोरं कॉलेजची, सहीचा अधिकार नसलेली.

दत्तोपंत म्हणाले, "परिचय फार कोरडा झालाय. वीरभद्र किल्लारीकडचा आहे, ते लिहा की! आणि तारीख तीस सप्टेंबर ठेवा, लोक येतील."

"त्या दिवशी मी बोलत नसतो," वीरभद्र म्हणाला.

त्र्याण्णव साली त्याच तारखेला झालेल्या भूकंपात त्याचे आई, वडील आणि बहीण गेले, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो नांदेडला इंजिनिअरिंगला होता म्हणून वाचला. त्याच्यापुढे हा विषय कुणी काढत नसे. मला दत्तोपंतांचा राग आला. मेलेल्या माणसांवर गर्दी जमवायची ही कसली रीत? मी तसं बोललेही.

दोन दिवस गेले. मग वीरभद्रनं मला परिचयासाठी एक ओळ पाठवली. ती अशी: 'भूकंपापूर्वी दर मृगाला स्वतःच्या घराच्या माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकत असे; जुना कधी काढला नाही.'

मी त्याला फोन केला. म्हटलं, हे कशाला?

"खरं हाय म्हनून. छत गळू नये म्हनून माती टाकायची, सगळं गाव टाकायचं. सुट्टीत आलो की मीच घमेली चढवायचो. आई म्हनायची, घर लई गार राहतंय. त्या मातीखालूनच काढलं मी तिला. तवा कुनी सांगनारं नव्हतं, मॅडम. आता मी हाय की सांगायला."

मला रडू आलं, आणि मी ती ओळ जशीच्या तशी टाकली.

दत्तोपंतांनी आणखी एक सुचवलं. सहभाग प्रमाणपत्र, त्यावर अध्यक्षांची आणि वक्त्यांची सही. "त्याशिवाय कुत्रं फिरकत नाही," म्हणाले, आणि खोटं नव्हतं ते. सहीचं नाव काढताच वीरभद्र अडला. मग म्हणाला, "ते नुसतं हजेरीचं हाय ना? करा." कोऱ्या कागदावर सही करून त्यानं फोटो पाठवला. तीस सप्टेंबर सोडून दुसरी तारीख घालून घोषणा पुन्हा गेली, आणि लिंक अशी चालली की फॉर्मच्या सूचनांनी माझा फोन गरम झाला. उदगीर, देगलूर, नायगावचे इंजिनिअर आले. यादीत यज्ञेशचं नाव दिसलं तेव्हा वीरभद्र लहान पोरासारखा खुश झाला. "आला की! ऐकंल तो. माझंच लेकरू हाय ते."

वेबिनार झाला. वीरभद्र चांगलं बोलला, माळवदापासून चौथ्या मजल्यापर्यंत. पडद्यावर नुसते काळे चौकोन, कॅमेरा कुणाचाच चालू नाही. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. चॅटमध्ये पहिला प्रश्न आला, प्रमाणपत्र कधी मिळेल? त्याखाली तोच प्रश्न कितीतरी नावांनी. यज्ञेशनं काही विचारलं नाही. अभिप्रायाचा फॉर्म भरला की प्रमाणपत्र आपोआप ईमेलवर जात होतं. सगळ्यांनी फॉर्म भरला.

पुढच्या जूनमध्ये वीरभद्रच्या गावची कस्तुराबाई त्याच्या ऑफिसात पेढे घेऊन आली. ती त्यांची शेजारीण, भूकंपात वाचलेली. मी तिथंच होते. नात उज्वला नीटच्या क्लासला लागली, होस्टेलही मिळालं, असं सांगत होती. कोणतं होस्टेल ते सांगितलं, आणि वीरभद्रच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"मावशी, तिथं कशाला टाकली?"

"आरं, पक्क्या घराची मला अजून भीतीच हाय. पर तिथं हापिसात काचंत तुझं नाव लावलंय. उज्वलानं वाचून दावलं. म्हनलं, वीरभद्रानं सही केलीया, मंग डर कशाचा?"

आम्ही तसेच निघालो. मालकाच्या खुर्चीमागे वेबिनारचं ते प्रमाणपत्र लटकत होतं, सोनेरी चौकटीत. यज्ञेशचं नाव, 'भूकंप' हा शब्द ठळक, आणि खाली वीरभद्रचं नाव आणि सही. मीच लॅपटॉपवर बनवलेल्या नक्षीत. आईबापांना हेच दाखवत होते.

"ते उतरवा," वीरभद्र म्हणाला. "ते ह्या इमारतीचं न्हाई."

मालक शांतपणे म्हणाला, "इमारतीचं हाय असं आम्ही कुठं म्हनून राहिलो? सर, सही तुमचीच हाय ना?"

वीरभद्रनं सहीकडे पाहिलं. "हाव," म्हणाला. "माझीच हाय."

मग तो जिना चढला. उज्वलाची कॉट चौथ्या मजल्यावर होती. त्यानं तिची ट्रंक खांद्यावर घेतली आणि एकेक पायरी उतरत खाली आणली. दारादारांतून मुली पाहत होत्या. एकीनं विचारलं, "काका, ही का चालली?" वीरभद्रनं तोंड उघडलं, आणि मागोमाग आलेला मालक म्हणाला, "घरची आठवण येतीय तिला." मुली हसल्या, पुस्तकांकडे वळल्या.

उज्वला आता वीरभद्रच्या घरी राहून अभ्यास करते. संघटनेनं प्रमाणपत्रं रद्द केल्याचं पत्र मी सगळ्यांना पाठवलं; उत्तर एकाचंही आलं नाही. आणि तिची कॉट दुसऱ्याच दिवशी भरली. त्या मुलीच्या वडिलांनीही काचेतलं नाव वाचलं असणार.